मदत हवी आहे: 20 महिन्यांचा मुलगा, फक्त 4 शब्द

मंडळी, आम्ही म्हापशाला राहतो, मुलगा 20 महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा. चालायला 14व्या महिन्यात लागला, आता सोफ्यावर चढतो, त्यामुळे हालचालीचं टेन्शन नाही. पण शब्द चारच, आई, बाबा, भू आणि उदक (हे आजीचं, ती कोंकणीत बोलते, आम्ही मराठीत, दोन्हीकडचे शब्द धरूनच 4). हवं ते बोटाने दाखवतो, आधी बोललेला एकही शब्द विसरलेला नाही, आणि हात न दाखवता "चप्पल आण" म्हटलं तर आणतो, पण मागून हाक मारली की कधी वळतो कधी नाही. पावसाळ्यात तीनदा सर्दीत कान दुखला. जन्मल्यावर ऐकण्याची ओएई टेस्ट पास होती, पण कानात नंतर पाणी साचलं तर ती कशी सांगणार?

महिनाभर मोबाईल बंद, चित्रांचं पुस्तक रोज, फरक नाही. लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले 2 वर्षांपर्यंत थांबा. "मुलगे उशिराच बोलतात" कृपया नको, ते सासूबाई रोज ऐकवतात.

तर न थांबता आत्ताच पेडिॲट्रिशियनकडून नीट असेसमेंट मागावं ना? आणि कानासाठी आधी टिम्पॅनोमेट्री की थेट बेरा? बांबोळीला जीएमसीत एवढ्या लहान मुलाची कोणी करून घेतलीय का, झोपवावं लागलं का?