प्रति: बाबासाहेबांचं मूळ गाव नक्की कोणतं?

"महू, सातारा की आंबवडे? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलंय."

महू हे जन्मस्थान, कारण वडील रामजी सकपाळ तिथे लष्करी नोकरीत होते. निवृत्तीनंतर कुटुंब कोकणात दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. ही झाली मुक्कामाची गावं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

घोळ तिथेच होतो. गावाचं नाव 'आंबवडे', 'अंबावडे' असंही छापलं जातं आणि आंबवडे तर भोर तालुक्यातही आहे. म्हणून नुसत्या गावनावावर जाऊ नका, तालुका जुळवा.

आडनावाचा पेच जास्त रंजक. सकपाळ हे कुळाचं आडनाव, 'आंबडवेकर' हे गावावरून पडलेलं. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र 7 नोव्हेंबर 1900 ला 'भिवा रामजी आंबेडकर' असा प्रवेश आहे. आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी ते बदललं, ही प्रसिद्ध हकीकत. बदल प्रवेशाच्या वेळचा की नंतरचा, हे रजिस्टरच्या फोटोवरून ठरवू नये; मूळ पानावर खाडाखोड किंवा वेगळी शाई आहे का, ते पाहावं लागतं. आणि बाबासाहेबांचं मूळ गाव म्हणून 'आंबेड' नावाचं गाव शोधत बसणं तर अगदीच व्यर्थ.