मदत हवी आहे: गच्चीच्या स्लॅबची यू व्हॅल्यू मीटर लावून मोजतोय, आकडे वेड्यासारखे येतायत

धायरीकर:
नमस्कार, मी धायरीला वरच्या मजल्यावर राहतो, मार्चमध्ये गच्चीवर ५० एमएम एक्सपीएस शीट टाकून वर कोबा करून घेतला. ठेकेदाराने यू ०.५ मिळेल असं लिहून दिलंय आणि शेवटचा हप्ता बाकी आहे. मित्राच्या लॅबमधून हीट फ्लक्स मीटर आणलाय, तीन दिवस लावून ठेवला, दर दहा मिनिटांनी रीडिंग. फ्लक्स भागिले आतबाहेरच्या तापमानातला फरक असं प्रत्येक ओळीला काढलं तर कधी उणे ४०, कधी ६०, सगळ्याची सरासरी ३.७. मीटर बिघडलाय का? सोमवारी परत द्यायचाय, लवकर सांगा.

गच्चीप्रेमी:
कशाला एवढा खटाटोप? पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारा दोन हात. आमच्या कोथरूडच्या गच्चीवर मारला, दुपारी अनवाणी चालता येतं आता. यू बियूची गरजच नाही.

धायरीकर:
दादा पेंटचं विचारलंच नाहीये मी. शीट नीट बसलीय का ते बघायचंय.

सोनल_आर्किटेक्ट:
पेंटने ऊन परत फिरतं, स्लॅबमधून उष्णता किती सहज जाते ते बदलत नाही, त्यामुळे तो मुद्दा इथे नकोच. धायरीकर, आधी हे सांगा: सेन्सर सीलिंगला कुठे आणि कशाने चिकटवलाय, एसी चालू होता का, आणि बाहेरचं तापमान हवेचं घेतलंय की गच्चीच्या पृष्ठभागाचं?

धायरीकर:
सेन्सर बेडरूमच्या मधोमध, मास्किंग टेपने, खाली थर्मल ग्रीस लावलंय. एसी रात्री अकरा ते सहा, दिवसा बंद. बाहेरचं हवेचं, बाल्कनीतला सेन्सर.

मंदार७७:
सोपं आहे, फक्त रात्रीची रीडिंग घ्या. ऊन नाही म्हणजे गडबड नाही. आम्ही कंपनीत पत्र्याच्या शेडचं असंच मोजलं होतं, झकास आलं.

निवृत्त_अभियंता:
मंदार, पत्र्यासाठी तुमचं बरोबर आहे, हलक्या छपराला आयएसओ ९८६९ सुद्धा रात्रीची रीडिंग घ्यायला सांगतं. पण हा सहा इंची आरसीसी स्लॅब आणि वर कोबा आहे. दिवसभर खाल्लेली उष्णता तो रात्री दोनतीन वाजेपर्यंत खाली सोडत असतो. त्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असते पण फ्लक्स मात्र आतच येतोय, म्हणजे भागाकार उणे. धायरीकरांना उणे ४० तिथेच मिळालेत. जड बांधकामाला पूर्ण चोवीस तासांच्या पटीतच सरासरी घ्यावी लागते, कमीत कमी तीन दिवस.

आणि मुख्य चूक तुमच्या एक्सेल शीटमध्ये आहे. प्रत्येक ओळीचा भागाकार करून त्याची सरासरी काढायची नसते. फरक शून्याच्या जवळ आला की आकडा आभाळाला भिडतो आणि ती एक ओळ बाकीच्या शंभर ओळी खाऊन टाकते. आधी बेरजा, मग एकदाच भागाकार. फ्लक्स डी कॉलममध्ये आणि फरक ई मध्ये असेल तर

```
=SUM(D2:D433)/SUM(E2:E433)
```

धायरीकर:
केलं सर. फ्लक्सची सरासरी ३.१, फरकाची ०.८, यू ३.९! हे तर नुसत्या स्लॅबपेक्षाही वाईट. ठेकेदाराला फोन लावू का?

निवृत्त_अभियंता:
थांबा, फोन नको. ०.८ अंश फरकावर काहीच मोजता येत नाही. दोन सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाची तफावत असली तरी उत्तर दुपटीहून जास्त होऊ शकतं. युरोपात हिवाळ्यात आत हीटर आणि बाहेर गारठा, पंधरावीस अंशांचा फरक आयता मिळतो. आपल्याकडे तो तयार करावा लागतो. एसी २४ वर लावा आणि दिवसरात्र तसाच ठेवा, दार बंद, पडदे बंद, पंखा बंद. एसीचा झोत सेन्सरवर येता कामा नये.

दुसरं म्हणजे गच्चीला हवेचं तापमान चालत नाही. उन्हाने गच्चीचा पृष्ठभाग सरासरीतही हवेपेक्षा पाचसहा अंश गरम असतो, आणि ती उष्णता तुमच्या हिशोबात नाही. सीलिंगच्या सेन्सरच्या बरोबर वर कोब्यावर एक थर्मोकपल बसवा, टोकावर सिमेंटच्या खळीचा पातळ हात द्या म्हणजे त्याचा रंग भोवतीच्या कोब्यासारखाच राहील. चकचकीत टेप लावलीत तर वेगळंच तापमान मिळेल.

सोनल_आर्किटेक्ट:
सेन्सर काढून बघा आधी, ग्रीसचा ठसा कसा उमटलाय.

धायरीकर:
काढला. ताई, ठसा अर्ध्या चंद्रासारखा आहे, अर्ध्या भागात ग्रीस जसंच्या तसं, सीलिंगला लागलंच नाही. बाकीच्या अर्ध्याला डिस्टेंपरची पावडर चिकटून आलीय.

सोनल_आर्किटेक्ट:
मग तिथे हवेची फट होती, फ्लक्स कमीच दाखवणार. डिस्टेंपर खरवडून गुळगुळीत करा, ग्रीस पातळ पसरा आणि खालून लाकडी पट्टीचा टेकू द्या, नुसत्या टेपवर सीलिंगला तो टिकत नाही. टेकू कडेला लागू दे, सेन्सरचं तोंड झाकू नका. आणि जागा बीमपासून लांब.

वैशाली_पौड:
माझ्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, एएसी ब्लॉक आहेत, हा मीटर लावला तर गळती कुठे आहे ते कळेल का?

सोनल_आर्किटेक्ट:
नाही हो ताई, हा एका जागेवरून किती उष्णता जाते तेवढंच सांगतो. ओलीसाठी वेगळा धागा काढा ना.

धायरीकर:
मित्राच्या हातापाया पडून मीटर ठेवून घेतला, पूर्ण ७२ तास झाले. एसी चोवीस तास चालू. सरासरी: फ्लक्स ६.४, आतली हवा २४.३, सीलिंग २५.४, गच्चीचा पृष्ठभाग ३६.०, बाहेरची हवा ३०.१. हवेवरून काढलं तर यू १.१ येतोय. मग काय समजायचं?

निवृत्त_अभियंता:
हवेचं सोडा. पृष्ठभागांतला फरक १०.६, भागिले ६.४, म्हणजे रोध १.६६. त्यात आतल्या हवेच्या थराचे ०.१७ आणि बाहेरचे ०.०४ मिळवा, १.८७ होतात. एक भागिले १.८७ म्हणजे यू ०.५३. आणि एक ताळा बघा, सीलिंग आतल्या हवेपेक्षा १.१ ने गरम आहे, ६.४ गुणिले ०.१७ पण तेवढंच येतं. आकडे एकमेकांना धरून आहेत. ४८ तासांपर्यंतचा रोध किती होता?

धायरीकर:
१.५८.

निवृत्त_अभियंता:
आधीच्या दिवसापेक्षा पाच टक्क्यांच्या आत यायला हवा. तुमचा ४.८ टक्के बदललाय, काठावर आहे आणि अजून चढतोय. आणखी दोन दिवस लावता आला तर लावा.

मंदार७७:
म्हणजे ०.५ नाहीच मिळाला की! हप्ता अडवा.

सोनल_आर्किटेक्ट:
असं कसं? जागेवरच्या मोजणीत पंधरावीस टक्के इकडेतिकडे होतातच. ०.५३ वरून ०.५ मिळाला नाही असं कुणालाच म्हणता येणार नाही. इको निवास संहितेत छपरासाठी १.२ ची मर्यादा आहे, तुम्ही तिच्या निम्म्याच्याही खाली आहात. शीटच नसती तर २ च्या वर आला असता.

मंदार७७:
पण एकाच जागी मोजलंय. शीटच्या सांध्यांवर काय?

सोनल_आर्किटेक्ट:
हे मात्र खरं आहे. आणि कोबा मार्चचा आहे, अजून पाणी धरून असेल तर पुढच्या उन्हाळ्यात आकडा थोडा वेगळा येऊ शकतो.

धायरीकर:
मीटर उद्या सकाळी परत द्यायचाय, मित्राला पुढच्या साइटला लागतोय. मेमध्ये पुन्हा मिळेल म्हणाला, तेव्हा सांध्याखाली पाच दिवस लावतो. सांधा खालून नेमका कसा शोधायचा, शीट टाकताना फोटो काढले नव्हते मी?

निवृत्त_अभियंता:
इन्फ्रारेड कॅमेरा मिळाला तर एसी चालू ठेवून संध्याकाळी सीलिंग बघा. सहा इंची स्लॅबमधून ती रेघ पुसटच दिसेल, दिसली तर तुमचं नशीब.