शब्दचर्चा: ‘टोटल पेआउट मॉडेल’ला मराठीत काय म्हणावे?

वर्षा: कंपनी लाभांशही देते आणि बायबॅकही करते, तेव्हा शेअरचं मूल्य काढायची ही पद्धत. भाषांतरात ‘एकूण परतावा पद्धत’ लिहिलंय. चालेल?

सुहास: ‘परतावा’ नको. त्यात भाववाढही येते. इथे मोजायचंय ते कंपनीने भागधारकांना दिलेले पैसे. मी ‘एकूण वितरण’ लिहीन.

निखिल: म्हणजे शेअरमागे लाभांश अधिक शेअरमागे बायबॅक, आणि पुढे नेहमीचं लाभांशाचं सूत्र. बरोबर ना?

सुहास: बेरीज बरोबर, पण ती शेअरमागे करू नका, सगळ्या कंपनीची करा. समजा, पुढच्या वर्षीचा नफा १,००० कोटी. त्यातले ३०० कोटी लाभांशाला, २०० कोटी बायबॅकला. नफ्याची वाढ ६ टक्के, भागधारकांची अपेक्षा ११ टक्के. मग ५०० कोटींना ११ वजा ६, म्हणजे ५ टक्क्यांनी भागायचं: १०,००० कोटी. शेअर १०० कोटी असतील तर शेअरला १०० रुपये. शेअरसंख्येने भागणं सगळ्यात शेवटी, आणि तेही आजच्या संख्येने.

निखिल: नुसत्या लाभांशावर ३ भागिले ५ टक्के, म्हणजे ६० रुपयेच येतात की!

सुहास: कारण तुम्ही शेअरमागच्या लाभांशालाही ६ टक्केच वाढ धरलीत. ११ टक्क्यांनी वर्षभरात १०० चे १११ होतात, वर्षअखेर ३ रुपये लाभांश दिल्यावर भाव १०८ होतो. त्या भावाने २०० कोटींत सुमारे १.८५ कोटी शेअर परत घेतले जातात, उरतात ९८.१५ कोटी. पुढच्या वर्षीचे ३१८ कोटी तेवढ्यांत वाटले की शेअरमागे ३.२४ रुपये. वाढ ८ टक्के झाली! आता ३ भागिले ३ टक्के करा, पुन्हा १००. मात्र ५ रुपये आणि ८ टक्के एकत्र घेतलेत तर १६६ च्या वर जाल. बायबॅक दोनदा मोजला जातो, ही चूक फार दिसते.

माधवी: मी एका बायबॅकमध्ये शेअर दिले होते, थोडेच स्वीकारले, बाकी परत आले. मग माझ्या उरलेल्या शेअरना काय मिळालं?

सुहास: हातात पैसे नाहीत, पण कंपनीतला तुमचा हिस्सा वाढला. अर्थात बायबॅक रास्त भावाने झाला तर. महाग झाला असेल तर शेअर देऊन गेलेल्यांचा फायदा, तुमचा तोटा.

वर्षा: आणि कंपनी कर्मचाऱ्यांना नवे शेअर देत असेल तर?

सुहास: त्यांची किंमत बायबॅकमधून वजा करायची. दरवर्षी बायबॅक होऊनही वार्षिक अहवालातली शेअरसंख्या हलत नसेल, तर बायबॅकचा पूर्ण आकडा धरू नका.

वर्षा: मग ‘निव्वळ वितरण’च लिहू का?

माधवी: ‘वितरण’ म्हटलं की मला घाऊक मालच आठवतो. ‘एकूण वाटप’ बरं नाही का?

सुहास: ‘वाटप’ आयपीओत शेअर मिळण्याला रूढ आहे, गोंधळ होईल. ‘निव्वळ’बद्दल मात्र माझंही नक्की ठरत नाही. मूळ नावात तो शब्द नाही, पण हिशोबात हवाच.