मदत हवी आहे: आहेर सेट विकला की सुट्या मालाचा स्टॉक दोनदा कमी होतो

नवीपेठ_वस्त्र: सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. एका आहेर सेटमध्ये १ चादर, २ टॉवेल आणि ४ नॅपकिन असतात. गड्ड्याच्या यात्रेआधी ४० चादरी, ६० टॉवेल, १०० नॅपकिन होते. त्यातून १० सेट बांधून सॉफ्टवेअरमध्ये सेट बनवल्याची नोंद केली. पुढे ६ सेट विकले. आता सुटा माल २४, २८, ३६ दिसतो, पण कप्प्यात ३०, ४०, ६० आहे. बाकी सुटं काही विकलेलं नाही. माल जातोय कुठे?

हिशेबी_काका: सेट बनवल्याची ती नोंद उडवून टाका, आकडे जुळतील.

गोदामवाला: काका, आकडे जुळतील, पण जुन्या तारखेची नोंद उडवली की बंद झालेल्या महिन्याचा स्टॉकही बदलेल. ताई, फरक बघा: ६, १२, २४. म्हणजे बरोबर ६ सेटचा माल. चोरी किंवा मोजणीची चूक असती तर फरक असा सेटच्या प्रमाणात आला नसता. सेट बनवताना माल एकदा वजा झाला आणि बिल करताना पुन्हा झाला. सॉफ्टवेअरमध्ये तयार सेट किती दिसतात?

नवीपेठ_वस्त्र: १०. प्रत्यक्षात ४ आहेत.

गोदामवाला: मग हेच आहे. बिलावर सेटचा स्वतःचा स्टॉक कमी होत नाही, त्यातला माल कमी होतो. दोन्हींपैकी एकच पद्धत ठेवा.

बिलावरच माल वजा व्हायला हवा असेल, तर आजच्या तारखेने १० सेट फोडल्याची नोंद करा. सुटा माल ३४, ४८, ७६ होईल. बांधलेल्या ४ सेटमधला माल यात धरलेला आहे, म्हणून तो कप्प्यापेक्षा जास्त दिसेल. सेट बनवल्याची नोंद यापुढे करायची नाही. किती सेट निघतील हे नॅपकिन ठरवतील: ७६ भागिले ४, म्हणजे १९.

सेट आधीच बांधून ठेवायचे असतील, तर बिलावर फक्त सेट वजा होईल असं सेटिंग करा. सुट्या मालात ६, १२, २४ वाढवा आणि सेटमधून ६ काढा. काउंटरवर टॉवेल कमी पडला तर सेट फोडून त्याची नोंद मात्र करावीच लागेल.

टॉवेल_होलसेल: माझा सेट ऑनलाइन विकला जातो. परवा परत आला, त्यात एक टॉवेल कमी. परतीची नोंद केली तर सॉफ्टवेअरने दोन्ही टॉवेल जमा केले.

गोदामवाला: पूर्ण सेट परत घ्या आणि लगेच एक टॉवेल तूट म्हणून काढा. पैसे किती परत द्यायचे ते तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या बोलीवर.

हिशेबी_काका: खोक्याचं काय? सेटच्या यादीत खोकं धरलंच नाही तर खोकी संपल्याचं कळणार नाही आणि नॅपकिन असूनही सेट बांधता येणार नाही.

गोदामवाला: अगदी बरोबर. खोकंही घटक म्हणून यादीत टाकायला हवं.

नवीपेठ_वस्त्र: काउंटरवर सुटी विक्री जास्त, म्हणून पहिली पद्धत घेते. पण बांधलेल्या सेटमधले ८ टॉवेलही सुटे म्हणून दिसतील आणि गिऱ्हाईक समोर उभं असेल, तेव्हा काय करायचं? यावर कोणी काही उपाय केलाय का?