आकडे तसेच ठेवायचे म्हणजे नेमकं काय?

पाचवी_तुकडी_अ: मराठी शाब्दिक उदाहरणं इटालियनमध्ये न्यायला एवढा काथ्याकूट कशाला? आकडे तसेच ठेवा, शब्द बदला, झालं काम.

ताळा: तिथंच घात होतो राव. ‘1.250 किग्रॅ सुताची किंमत 437.50 रुपये, तर 3.5 किग्रॅ सुताची किंमत किती?’ दर 350 रुपये किलो, उत्तर 1,225 रुपये. इटलीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. म्हणजे पोरगं साडेबाराशे किलो सूत वाचणार, आणि उत्तराच्या पानावर त्याला सव्वा रुपयाही दिसणार नाही. 3.5 बघून निदान शंका येते. टिंबानंतर तीन अंक असले की आकडा बिनबोभाट खपतो, म्हणून असे आकडे आधी हुडकायचे. 1,25 kg, 437,50 आणि 3,5 असं लिहायचं. उत्तर नुसतं 1225. आपलं 1,25,000 असेल तर 125 000, मधे मोकळी जागा.

चाटी_गल्ली: मग रुपयाचे युरोही करा की! तिकडच्या पोरांना रुपया काय कळणार?

ताळा: विनिमय दरानं बदलले तर मुद्दाम सरळ बसवलेला भागाकार विस्कटतो. नुसतं नाव बदललं तर सूत 350 युरो किलो होतं. रुपयेच राहू द्या, फक्त ‘437 रु. 50 पै.’ असं तोडून लिहू नका.

दिडकीवाला: मूळ दुखणं वेगळंच आहे. पावकी, निमकी, दिडकी शाळेतून गेली आणि पोरांना पावणेदोन म्हणजे काय ते कळेना! पुस्तकात सव्वा, दीड, पावणेदोन असेल तर इटालियनमध्येही शब्दच हवेत. दशांश घातला की अर्धं गणित तुम्हीच सोडवून दिलंत.

पाचवी_तुकडी_अ: इथं पाढे कोण विचारतंय?

दिडकीवाला: ज्यांना येत नाहीत तेच असं बोलतात.

ताळा: भांडू नका. दिडकीवाल्यांचं निम्मं खरं आहे. दीड किलोला ‘उन कीलो ए मेद्झो’ अगदी रोजचं आहे, ते शब्दातच ठेवा. पण ‘दोनला पाव कमी’ ही धाटणी तिकडं घड्याळापुरती. पावणेदोन वाजता चालेल, पावणेदोन किलोला ‘एक आणि तीन चतुर्थांश’ म्हणावं लागतं. पोराला उणे करायचंच उरत नाही.

दिडकीवाला: म्हणजे गणित सोपं झालं, हे कबूल तर केलंत!

पाचवी_तुकडी_अ: बरं महाराज, टिंबाचं मान्य. पण ‘तर’चं काय? तो शब्दशः घातला की वाक्य लांबतं.

ताळा: ‘तर’ गाळा. माहितीचं वाक्य पूर्णविरामानं संपवा आणि प्रश्न वेगळा लिहा: ‘त्याच सुताचे 3,5 kg केवढ्याला पडतात?’ ‘त्याच’ गाळलंत तर दर तोच आहे हे कुठंच येत नाही.

चाटी_गल्ली: 350 रुपये किलोनं कुठलं सूत मिळतं ते आधी सांगा.