प्रतिसाद: दर आठवड्याला एक धर्म नको

> "धर्मांच्या अभ्यासक्रमाला दहा आठवडे आहेत. एकेका धर्माला एकेक आठवडा न देता आखणी कशी करायची?"

पहिले दोन आठवडे 'धर्मांची यादी' कुणी, कशासाठी केली यावर घालवा. मग तीन आठवडे एकाच कथेचा प्रवास, तीन एका सामायिक तीर्थस्थळाला, शेवटचे दोन विद्यार्थ्यांच्या मांडणीला.

कथेसाठी जोसाफटची निवडा. मुळात ही बुद्धचरित्राची कथा. अरबीत बोधिसत्त्वाचा 'बुदासफ' झाला. तिथे शब्दारंभीच्या 'ब'खाली एक ठिपका, 'य'खाली दोन. बाकी आकार सारखाच. ठिपका चुकला आणि 'यूदासफ' झाला. जॉर्जियनमध्ये योदासफ, ग्रीकमध्ये योआसफ, लॅटिनमध्ये जोसाफट, आणि चक्क ख्रिस्ती संत! ही नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा. तासाभराचं व्याख्यान वाचतं.

गडबड उत्तरपत्रिकेत कळते. 'बौद्ध धर्माचा ख्रिस्ती धर्मावर प्रभाव' असं वाक्य आलं, की धर्मांचे दोन वेगळे ठोकळे परत आलेच, फक्त मध्ये बाण काढलाय. म्हणून प्रश्नातच अट घाला: वाक्याचा कर्ता धर्म नको, अनुवादक, लेखनिक किंवा श्रोता हवा. तुलनेचा तक्ता मात्र अजिबात देऊ नका, विद्यार्थी तेवढाच पाठ करतात.