आईचं पाइप गॅसचं बिल : २४.५८ एससीएम म्हणजे विजेचे किती युनिट?

नितीन, लेस्टर

नमस्कार मंडळी,

आई सिडकोत, छत्रपती संभाजीनगरला एकटीच असते. तिच्याकडे पाइपचा गॅस आला, त्याचं पहिलं पूर्ण दोन महिन्यांचं बिल भावानं मला पाठवलं. मागचं रीडिंग ४१२.३१८, चालू रीडिंग ४३६.९०२, वापर २४.५८ एससीएम, म्हणजे स्टँडर्ड घनमीटर, दर कर धरून ₹५१.५०. गॅसचे एकूण ₹१२६६.

भावाचं म्हणणं असं की गॅसचं युनिट ₹५१ ला पडतं आणि विजेचं ₹१३ ला, मग आईला इंडक्शन घेऊन देऊ आणि गॅस बंद करू. आईची इच्छा नाही. भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर फुगवायची असते तिला. मला वाटतंय की भावाच्या तुलनेत काहीतरी चुकतंय, कारण इथल्या माझ्या बिलावर गॅस आणि वीज दोन्ही किलोवॉट-तासांतच येतात आणि गॅस बराच स्वस्त दिसतो. पण एससीएमवरून किलोवॉट-तास काढायचे कसे ते मला येत नाही. कुणी सांगेल का?

सुरेशकाका, स्लाव

नितीन, पहिलं हे बघ की रीडिंग कुणी घेतलंय. माझ्या बहिणीकडं, तिकडंच गारखेड्याला, मीटरवाला आलाच नाही म्हणून तिनं मोबाइलवरनं स्वतः रीडिंग पाठवलं. मीटरवर काळे पाच आकडे आणि लाल चौकटीत तीन आकडे असतेत. तिनं सगळे आठ सलग लिहून पाठवले. जिथं शंभराच्या आसपास पाहिजे तिथं लाखाच्या वर आकडा गेला. बिल पाहून ती दोन दिवस जेवली नाही. कंपनीनं ते दुरुस्त केलं खरं, पण तीन चकरा माराव्या लागल्या. आई एकटी ऱ्हाते तर तिला लाल आकड्यांचं नीट सांगून ठेव.

आणि सिलिंडर परत केलं असलं तर अनामत मागून घ्या. ती लोक विसरतेत.

विनायक, म्युनिक

नितीन, हे सोपं आहे. घनमीटरला उष्मांकानं गुणायचं. आमच्या इथल्या बिलावर तो छापलेलाच असतो, माझ्या शेवटच्या बिलावर ११.५ किलोवॉट-तास प्रति घनमीटर आहे. म्हणजे २४.५८ गुणिले ११.५, साधारण २८३ किलोवॉट-तास. १२६६ भागिले २८३ केलं की ₹४.४७. भावाला सांग, गॅस ₹५१ ला नाही, साडेचारला पडतोय.

मंगल, बर्मिंगहॅम

नितीन, विनायक,

माझी बरीच वर्षं गॅस वितरणाच्या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विनायकची दिशा बरोबर आहे, पण ११.५ हा आकडा इथे चालणार नाही.

घनमीटर ही जागा झाली. त्या जागेत गॅस किती मावला हे तापमान आणि दाबावर ठरतं. जर्मनीत बिलावरचा उष्मांक शून्य अंशाच्या घनमीटरला लावलेला असतो. भारतात एससीएम म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा घनमीटर. ब्रिटनमध्येही १५ अंशच. शून्य अंशाला गॅस जास्त दाटीनं मावतो, म्हणून तोच गॅस जर्मन घनमीटरमागे ११.५ दाखवेल आणि आपल्याकडच्या एससीएममागे १०.९ च्या आसपास. शब्द एकच, माप पाच टक्क्यांनी वेगळं.

नितीन, आईच्या बिलाची मागची बाजू बघ. तिथे बारीक अक्षरात जीसीव्ही किंवा कॅलरीफिक व्हॅल्यू, म्हणजे उष्मांक, किलोकॅलरीत दिलेली असेल. एक किलोवॉट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेवढ्यानं भागलं की झालं. पुष्कळ जण सरसकट १०,००० धरतात, तो हिशेबासाठी ठरवलेला गोल आकडा आहे. त्यानं एससीएममागे ११.६ येतात आणि गॅस आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो. बिलावरचाच आकडा घ्या.

नितीन, लेस्टर

मंगलताई, सापडला. मागच्या बाजूला खाली ९,३०० लिहिलंय. म्हणजे ९,३०० भागिले ८६०, १०.८१. दोन महिन्यांचे २४.५८ एससीएम म्हणजे २६६ किलोवॉट-तास, आणि एकाला ₹४.७६. बरोबर ना?

भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दोन्ही बिलांवर 'युनिट' असा एकच शब्द होता म्हणून घोटाळा झाला. गॅसचं एक युनिट म्हणजे विजेची जवळजवळ अकरा युनिटं, हे त्याला आता पटलंय.

विनायक, म्युनिक

मंगलताई, आभारी आहे, शून्य अंशाचं मला खरंच माहीत नव्हतं. तुमची मेल वाचून माझं बिल पुन्हा काढलं. उष्मांकाच्या आधी तिथे आणखी एक आकडा आहे, ०.९१. मीटरवरच्या घनमीटरला आधी त्यानं गुणतात आणि मग ११.५ नं. कंपनीला विचारलं तर म्हणाले, म्युनिक ५२० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून; शून्य अंशाचा हिशेबही त्यातच येतो.

आता माझा प्रश्न असा. संभाजीनगर साधारण ५७० मीटरवर आहे. नितीनच्या बिलात मीटरच्या दोन रीडिंगांतला फरक २४.५८४ आणि बिलावरचे एससीएम २४.५८. मग उंचीचा तो आकडा गेला कुठे?

मंगल, बर्मिंगहॅम

विनायक, प्रश्न अगदी मोलाचा विचारलास. नितीननं आकडे लिहिले तेव्हा माझ्याही नजरेतून तो निसटला.

हिशेब करून दाखवते. ५७० मीटरवर हवेचा दाब साधारण ९४६ मिलिबार. घरच्या मीटरपाशी गॅस त्याच्यापेक्षा २१ मिलिबारनं जास्त, म्हणजे ९६७. समुद्रसपाटीच्या १०१३ शी भागलं की ०.९५. मग तापमान. आईचं मीटर बाहेरच्या भिंतीवर असेल तर वर्षभराची सरासरी ३० अंश धरू. १५ अंशांच्या तुलनेत गॅस फुगलेला असतो, त्यानं आणखी ०.९५. दोन्ही गुणले की ०.९१ च्या जवळ येतं. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना ते ०.८८ पर्यंत उतरतं.

म्हणजे मीटरनं २४.५८ घनमीटर मोजले, पण त्यात १५ अंशांचे एससीएम असतील साडेबावीसच्या आत, २२.३. बिलात दुरुस्ती न करता मीटरचाच आकडा एससीएम म्हणून टाकला असेल तर खऱ्या किलोवॉट-तासाचा भाव ₹४.७६ नाही, ₹५.२५ पडतो.

पण लगेच कंपनीला दोष देऊ नका. काही मीटरांत तापमानाची दुरुस्ती यंत्रातच केलेली असते. तसं असेल तर पाटीवर `tb 15°C` कोरलेलं दिसतं. मग फक्त दाबाचा, पाच टक्क्यांच्या आतला फरक उरतो. भावाला पाटीचा फोटो काढायला सांग.

आणि अजून एक. ₹४.७६ ची तुलना ₹१३ शी थेट करू नका. जाळातली निम्मी उष्णता भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. इंडक्शनमध्ये तसं फारसं होत नाही. खरी तुलना भांड्यात काय उतरलं त्याची. दोन लिटर पाणी घ्या, झाकण ठेवा, २५ वरून ९५ अंशांपर्यंत तापवा. आधी आणि नंतर मीटरचे लाल आकडे लिहा. मग तेच पाणी, तेच भांडं इंडक्शनवर, प्लगला लावायच्या वॉटमीटरसकट.

सुरेशकाका, स्लाव

मंगलताई, लाल आकडे शेवटी कामी आले! पण आपल्या सिलिंडरचं काय? चौदा किलोचं सिलिंडर या हिशेबात कुठं बसतंय? माझी दुसरी बहीण बीडलाच आहे, तिकडं पाइप नाही.

मंगल, बर्मिंगहॅम

सुरेशभाऊ, एलपीजीचा उष्मांक किलोमागे साधारण ११,९०० किलोकॅलरी. १४.२ किलोचे १९६ किलोवॉट-तास होतात, म्हणजे नितीनच्या आईच्या गॅसचे १८ एससीएम. सिलिंडरची किंमत १८ नं भागा, तुलना समोर येईल. तिथे वजन मोजतात, म्हणून उंची आणि उन्हाचा प्रश्न येत नाही.

नितीन, लेस्टर

मंडळी, रविवारी भावानं सगळं केलं. आई बाजूला खुर्ची टाकून बसली होती, पाणी तापतंय तोवर मीटर कसं वाचायचं ते तिनं शिकून घेतलं. काळे आकडे वाचायचे, लाल सोडायचे. आता दर महिन्याला वहीत लिहिणार म्हणतेय.

गॅसवर ०.०३१ घनमीटर गेला. ₹५१.५० च्या दरानं ₹१.६०. इंडक्शनवर शेजाऱ्यांचं भांडं आणि शेगडी आणून केलं, ०.१९ युनिट. ₹१३ नं ₹२.४७.

पण भावानं एक मुद्दा काढला आणि तो बरोबर आहे. विजेच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के विद्युत शुल्क सगळं धरून आईला ते ₹७ च्या आसपास पडतं. ₹७ नं तेच पाणी ₹१.३३ मध्ये तापतं, गॅसपेक्षा स्वस्त. म्हणून वापर बघावा लागला. हिवाळ्यात आई महिन्याला ८५ युनिट जाळते, उन्हाळ्यात कूलरमुळे दोनशेवर. पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर पाण्याच्या या चाचणीवरून महिन्याला आणखी ७५ ते ८० युनिट लागतील. हिवाळ्यात त्यातले १५ स्वस्त टप्प्यात बसतात, बाकी सगळे ₹१३ नं. म्हणजे महिना ₹९०० च्या आसपास, उन्हाळ्यात ₹१००० च्या घरात. गॅसचे महिन्याला ₹६३३ होतायत.

गॅस ठेवायचा ठरलं. हिवाळ्यात चहाच्या पाण्यापुरती छोटी इंडक्शन घ्यायची का, यावर दोघांचं अजून चाललंय.

पाटीचा फोटो सोबत जोडलाय. त्यावर `tb` कुठेच दिसत नाही.

विनायक, म्युनिक

मग तापमान आणि उंची दोन्हींची दुरुस्ती झालेली नाही. दहा टक्के जास्त घेतायत असं सरळ लिहून पाठव.

मंगल, बर्मिंगहॅम

विनायक, थांब. दर ठरवतानाच ही तफावत धरलेली असू शकते, मग वेगळा गुणक लावला तर दरही वाढवतील. नितीन, आरोप करू नकोस. दोनच ओळी लिही : मीटरच्या घनमीटरवरून एससीएम काढताना दाब आणि तापमानाचा कोणता गुणक लावला आहे, आणि तो बिलावर का दाखवलेला नाही. दोन्ही रीडिंग आणि पाटीचा फोटो जोड. उत्तर लेखी माग.

नितीन, लेस्टर

आईच्या नावानं मेल आज सकाळी पाठवली. उत्तर आलं की इथे टाकतो. सुरेशकाका, तुमच्या बहिणीच्या मीटरची पाटी कशी आहे ते जमलं तर विचाराल का? त्याच कंपनीचं आहे.

सुरेशकाका, स्लाव

विचारतो. ती संध्याकाळी देवळातनं आल्यावर फोन उचलते. फोटो काढायला भाच्याला सांगतो.